सरासरी १३३, तरी बीपी ताब्यात नाही

फिरत असलेला मेसेज असा आहे: “आईबाबांची बीपी-शुगरची डायरी असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी पानांचे फोटो काढा, महिन्याच्या सगळ्या आकड्यांची एक सरासरी काढा. मधेच एखादा आकडा भलताच असेल तर ती मशीनची चूक, तो सोडून द्या. सरासरी नॉर्मल आली म्हणजे गोळ्या बरोबर चालू आहेत. डॉक्टरांना तेवढंच सांगा.”

आधी फोटोबद्दल

फोटो काढायला हरकत नाही, फक्त तो वाचता आला पाहिजे. वही सपाट ठेवून खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एका फोटोत एकच पान घ्या. तारखेचा रकाना कापला जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पेन्सिलीचे आकडे पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

खरी गडबड आकडे उतरवताना होते. मराठी आकड्यांतला घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखाच दिसतो, इंग्रजी आकड्यांत १ आणि ७ ची तीच गत. काही जण १४२ ऐवजी नुसतं ४२ लिहितात, कारण शंभर त्यांनी गृहीतच धरलेले असतात. “१३८/८४/७६” मधला तिसरा आकडा नाडीचा असतो, तो चुकून खालच्या बीपीच्या रकान्यात जातो. त्यामुळे एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने भरावं, आणि शंका आली तिथे प्रश्नचिन्ह टाकून ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारावं. अंदाजाने भरलेला आकडा पुढे खरा म्हणूनच धरला जातो.

आणखी एक गोष्ट पाहा. डिजिटल मशीन १३७, १४१ असे आकडे दाखवतं. साठ नोंदींमध्ये शून्याने संपणारे आकडे साधारण सहाच्या आसपास हवेत. चाळीस निघाले, तर बाबा मनाने पूर्णांक करत आहेत असं समजा. अशा वहीत “१३०/८०, १३०/८०” ची रांग असते आणि तिच्यातून कल काढता येत नाही. त्यापेक्षा मशीनच्या मेमरीतले आकडे घ्या.

मग सरासरीबद्दल

मेसेजमधली सर्वांत नुकसान करणारी गोष्ट ही आहे. समजावण्यासाठी एका आठवड्याचे आकडे घेऊ. वरचं बीपी सकाळी गोळीआधी १४६, १५०, १४८, १५२, १४४, १४९, १४७ आणि संध्याकाळी ११६, १२०, ११४, १२२, ११९, ११७, ११८. सगळे एकत्र केले तर सरासरी १३३. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या आत असावी असा सर्वसाधारण निकष आहे (दवाखान्यात १४०/९०), म्हणजे मेसेजप्रमाणे सगळं ठीक. वेगळं केलं तर सकाळची सरासरी १४८ आणि संध्याकाळची ११८. दोन्हींत तीसचा फरक आहे आणि दिवसातला कोणताही खरा आकडा १३३ च्या जवळपासही नाही.

याचं एक कारण सकाळी घेतलेल्या गोळीचा असर चोवीस तास न टिकणं हे असू शकतं. सकाळी चहा किंवा तंबाखूनंतर लगेच मोजणं हेही असू शकतं. कोणतं, ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांच्यासमोर दोन आकडे हवेत. गोळीची वेळ किंवा डोस आपणच बदलायचा नाही.

कोष्टकात तारीख, वेळेचा गट, वरचं, खालचं आणि शेरा असे रकाने ठेवा. वेळेचा गट बी आणि वरचं बीपी सी रकान्यात असेल, तर सकाळची सरासरी अशी निघते:

```
=AVERAGEIFS(C2:C61,B2:B61,"सकाळ")
```

कल पाहायचा तो एकाच गटात: पहिल्या पंधरवड्याची सकाळ विरुद्ध दुसऱ्या पंधरवड्याची सकाळ. दोन-चार अंकांच्या फरकाला कल म्हणू नका. साखरेत तर आणखी सैल राहावं लागतं. ग्लुकोमीटरच्या प्रचलित मानकानुसार १०० च्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे प्रयोगशाळेत १४० येणारी साखर घरी ११९ किंवा १६१ दिसली तरी मीटर बिघडलेला नसतो.

आणि “भलत्या” आकड्याबद्दल

साखरेच्या वहीत तोच आकडा सर्वांत मोलाचा ठरू शकतो. समजा मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड चालू आहे. मंगळवारी दुपारी जेवणाआधी ६२, जेवणानंतर दोन तासांनी २०६. शुक्रवारी ५८ आणि २१८. चारही आकड्यांची सरासरी १३६, दिसायला उत्तम. प्रत्यक्षात दोनदा साखर ७० च्या खाली घसरली, आणि बहुधा घाबरून जास्त खाल्ल्यामुळे ती नंतर वर गेली. शेऱ्यात दोन्ही दिवशी “जेवायला २ वाजले” असं लिहिलेलं आहे. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण लांबलं तर साखर घसरू शकते, म्हणून हा शेरा आकड्याइतकाच महत्त्वाचा. ५८ आणि ६२ सोडून दिले असते, तर उरलेले २०६ आणि २१८ पाहून औषध वाढवावं असं वाटलं असतं, आणि ते उलटच पडलं असतं.

गाळायचंच असेल तर नियम मोजण्याआधी ठरलेला हवा, आकडा आवडला नाही म्हणून नव्हे. बीपीसाठी असा नियम आहे. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. भेटीआधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करून पहिला दिवस सरासरीत धरायचा नाही. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडे जास्त येतात, तेव्हा तेही तपासा.

दोन बाबतींत भेटीची वाट पाहायची नाही. बीपी १८०/१२० किंवा वर असेल आणि छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल, तर थेट रुग्णालय गाठा. साखर ५४ च्या खाली गेली, तर शुद्धीवर असणाऱ्याला आधी साखर द्या, मग फोन करा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता लगेच मदत बोलवा.

डॉक्टरांना द्यायचा कागद अर्ध्या पानाचा पुरे:

सकाळी गोळीआधी (७ दिवस): सरासरी १४८/८८, १४४ ते १५२
संध्याकाळी: सरासरी ११८/७२, ११४ ते १२२
साखर ७० च्या खाली: दोनदा (६२, ५८), दोन्ही वेळा दुपारी जेवायला उशीर
न वाचता आलेल्या नोंदी: ३
चालू गोळ्या आणि घेण्याच्या वेळा:
प्रश्न: सकाळचं बीपी का चढतं? जेवण लांबलं तर गोळीचं काय करायचं?

मूळ वही आणि बीपीचं मशीन दोन्ही बरोबर न्या. दवाखान्यातल्या मशीनशी आपलं मशीन तिथेच ताडून घेता येतं, आणि ते नेहमीच दहा अंक जास्त दाखवत असेल तर वरचं सगळं कोष्टक वेगळ्या नजरेने वाचावं लागेल.