निबंधाला कमी मार्क पडले? सरांना असा मेल टाका

सांगलीत राहून महापुरावर निबंध लिहिला आणि वीसपैकी सात पडले, म्हणजे सरांचंच काहीतरी बिनसलेलं असणार. तेव्हा मेल रात्री बारानंतर टाका. डोकं तापलेलं असतं, हात भराभर चालतो. विषयाची ओळ कोरी सोडा. वर्ग, हजेरी क्रमांक, निबंधाचं नाव काही देऊ नका, सरांना शोधू दे की जरा. मजकूर एवढाच: "सर, मार्क का कमी? मी खूप मेहनत घेतली होती." खाली शेजारच्या बाकावरच्याला चौदा कसे, हे विचाराच. आपले वाढले नाहीत तरी त्याचे कापले जातील, तेवढंच समाधान.

समासातले लाल शेरे मात्र चुकूनही वाचू नका. मिरजेहून येणाऱ्या एका पोरीनं वाचले आणि फसली. तिनं ठोकून लिहिलं होतं, "अलमट्टी धरणामुळेच सांगली बुडते." बाजूला सरांचा शेरा: "कशावरून?" आपण अशा वेळी कसं, "सगळेच म्हणतात" म्हणून मोकळे होतो. ही बया शोधत बसली. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही, हे तिला सापडलं. मग तिनं मेल केला:

"सर, दुसऱ्या परिच्छेदात आपण 'कशावरून?' लिहिलंय. मी नुसतं ठोकून दिलं, पुरावा दिला नाही, असं मला वाटतं. वडनेरे समितीचं मत तर माझ्या उलट आहे. मग हा मुद्दा काढून टाकू, की ठेवून त्याला उत्तर देऊ? परिच्छेद पुन्हा लिहून जोडला आहे. दहा मिनिटं कधी भेटू?"

ना रडगाणं, ना मार्कांचा विषय. वर प्रश्न असा, की सरांना "अभ्यास वाढव" म्हणून सुटताही येईना. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. मुद्दा ठेव, म्हणाले. लोक अलमट्टीला दोष का देतात ते आधी नीट मांड, मग समितीचं म्हणणं दे आणि शेवटी तुला काय पटतं ते कारणासकट लिही. सुरुवातीची दोन पानं आयर्विन पुलाच्या १९२९ पासूनच्या इतिहासात गेली होती. ती एका वाक्यावर आली. "पाणी खूप वाढलं" खोडून तिथं पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आकडे आले. एवढं करूनही त्या निबंधाचे सात ते सातच! सर म्हणे, दिलेले मार्क बदलत नाहीत, पुढच्या निबंधात दाखव. पोरगी बिचारी रविवारभर लिहीत बसली.

तुम्ही या भानगडीत पडू नका. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तोच मेल प्राचार्यांना सीसी करून परत टाका. आणि आता विषयाची ओळ भरा: "अर्जंट".