जागा भाड्याने देणे आहे, माणसे क्षमस्व

मालक, वरचा मजला रिकामा झाला म्हणे. आता जाहिरात लिहायची. तुमचा कच्चा मजकूर मी पाहिला आणि मन भरून आलं:

“जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने देणे आहे. शाकाहारी, सुसंस्कृत, छोटी हिंदू फॅमिली पाहिजे. सरकारी नोकरीवाल्यांना प्राधान्य. बॅचलर व एजंट क्षमस्व.”

यात घराबद्दल अर्धी ओळ आहे आणि येणाऱ्या माणसाबद्दल तीन. हेच योग्य. भाडं किती, डिपॉझिट किती, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गाडी कुठे लावायची, असल्या फालतू गोष्टी लिहून जागा वाया घालवू नका. त्या लिहिल्या तर लोक वाचून आपणहून ठरवतील, जमतंय की नाही. मग तुम्हाला ठरवायला काय उरलं?

आधी “फॅमिली” या शब्दाकडे वळू, कारण या एका शब्दात फार मोठी सोय आहे. सिव्हिलमधली नर्स, विद्यापीठात शिकणाऱ्या दोन बहिणी, घटस्फोट घेतलेला रेल्वेचा माणूस, नवरा गेल्यावर मुलाला घेऊन राहणारी बाई, सगळे एका फटक्यात बाहेर. शेवटच्या बाईचं कुटुंब आहे हे तुम्हालाही कळतं. पण फोनवर “मिस्टर काय करतात?” असं विचारल्यावर जी शांतता पसरते, तिचा मान राखून आपण “बघू, कळवतो” म्हणतो.

कुणी विचारलं की फॅमिलीच का, तर “पाणी” म्हणा. सोलापुरात पाण्याचं नाव काढलं की समोरचा गप्पच होतो. उजनी भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एक काळजी घ्या: हिशेब करू नका. कारण हिशेब असा आहे. वरच्या मजल्याची टाकी 1,000 लिटरची. समजा चार दिवसांनी एकदा पाणी आलं, तर दिवसाला 250 लिटर. तीन माणसं असतील तर माणशी 83 लिटर, म्हणजे काटकसरीने निभेल. पाच असतील तर 50, म्हणजे तिसऱ्याच दिवशी तुमच्या दारात बादली. आता नवरा, बायको, दोन पोरं आणि सासूबाई ही “छोटी फॅमिली” पाच जणांची होते, आणि दोन बॅचलर दोनच राहतात. टाकीला लग्नपत्रिका वाचता येत नाही, हा तिचा दोष. “जास्तीत जास्त तीन जण” एवढं लिहिलं तर पाण्याची काळजी मिटेल, पण मग लग्नाचा विषय काढायला निमित्त कुठून आणणार?

“शाकाहारी” हा शब्द तर लाखमोलाचा. त्यात धर्म येत नाही, जात येत नाही, तरी वाचणाऱ्याला दोन्ही बरोबर ऐकू येतात. कारण विचारलं की “वास” म्हणा. रविवारी सकाळी तुमच्याच स्वयंपाकघरातून मटणाच्या फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो ही गोष्ट वेगळी. तो आपला वास. वासाचीच खरी अडचण असेल तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवता येतो आणि “ओला कचरा झाकून ठेवावा, रोज घंटागाडीत टाकावा” असं लिहिता येतं. पण हे सुकट भाजणाऱ्यालाही लागू आणि लसणाची फोडणी देणाऱ्यालाही. अशा अटीत मजा नाही.

जात मात्र जाहिरातीत उघड लिहू नका. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. राहायची जागा घेण्यात किंवा वापरण्यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी केली तर एक ते सहा महिने कैद आणि वर दंड. पुन्हा समोरचा अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य त्याच कारणाने झालं असं कोर्ट आधी धरून चालतं. तसं नव्हतं, हे तुम्हीच सिद्ध करायचं. म्हणून अनुभवी मालक फोनवर हळूच विचारतात, “आडनाव काय म्हणालात?” मग “मूळ गाव कुठलं?” आणि तरीही अंदाज आला नाही तर “तुमच्याकडं लग्नं कुठल्या भागातली होतात?” जागा वन बीएचके, चौकशी सोयरीक जुळवल्यासारखी.

धर्माच्या बाबतीत तुम्ही जरा निवांत आहात. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे धर्म किंवा जात पाहून कुणाला अडवायला मनाई केली आहे. खासगी घर भाड्याने देणं त्या यादीत नाही. लग्न झालंय की नाही यावरून भाडेकरू नाकारू नये, असंही घरमालकाला थेट सांगणारा कायदा नाही. म्हणजे एका रात्रीसाठी खोली देणाऱ्या हॉटेलवाल्याला धर्म पाहून जे करता येत नाही, ते तुम्ही अकरा महिन्यांसाठी करू शकता. एवढी मोकळीक हॉटेलवाल्यालाही नाही, ती वाया घालवू नका. एक पथ्य पाळा: तृतीयपंथी व्यक्तीला त्या कारणाने घर नाकारू नका. त्यावर 2019 चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या जाहिरातीत हा विषयच नव्हता, पण फोनवर काय बोलाल याचा भरवसा नाही.

आता सावध करतो. आमच्या गल्लीतल्या तात्यांचं काय झालं ते ऐका. त्यांचीही जागा अशीच, जाहिरातही जवळपास अशीच. तीन महिने जागा रिकामी. 8,000 भाडं, म्हणजे 24,000 गेले. तात्या म्हणायचे, “गेले तर गेले, माणूस चांगला मिळाला पाहिजे.” शेवटी त्यांची धाकटी मुलगी सुट्टीला आली आणि तिने कागद पुढ्यात घेतला. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न: “तात्या, ही अट मामाला लागू करणार का?”

मामा म्हणजे तात्यांचा मेव्हणा. हिंदू, फॅमिलीवाला, सरकारी नोकरीतला. आणि रात्री साडेअकराला गच्चीवर फोन लावून आख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं बोलणारा. भाडं सोडा, उसने घेतलेले पैसेही चौथ्या आठवणीनंतर देणारा. जुन्या जाहिरातीत मामा शंभर टक्के बसत होता. तात्यांना पाहिजे होता तो “चांगला माणूस” कागदावर मामाच निघाला. तिथे तात्यांना घाम फुटला.

मग त्या पोरीने “सुसंस्कृत” खोडून लिहिलं, “रात्री दहानंतर जिन्यात व गच्चीवर मोठा आवाज नको.” “सरकारी नोकरी” खोडून लिहिलं, “मागच्या तीन महिन्यांच्या पगाराचा किंवा कमाईचा पुरावा.” तात्या म्हणाले, प्रायव्हेटवाल्याचा काय भरवसा? ती म्हणाली, वीस वर्षं एकाच कारखान्यात टॉवेल विणणाऱ्याच्या पासबुकात दर महिन्याला पैसे जमा होतात, मामाच्या खात्यात टिकतात का ते विचारा. “हिंदू” खोडताना मात्र तिला समोर लिहायला काही सापडेना. काळजी काय आहे, असं तिने विचारलं. तात्या बराच वेळ विचार करून म्हणाले, “काळजी अशी काही नाही.” मग तिथे नुसतीच रेघ राहिली.

एका जागी तात्यांनी तिला पकडलंच म्हणा ना. “रात्री दहाला गेट बंद होईल” ही त्यांची अट. यात जात नाही, धर्म नाही, लग्न नाही, आणि मामालाही लागू! पोरगी जरा थांबली. मग म्हणाली, सिव्हिलची दुसरी पाळी संपवून येणारी बाई दहाच्या आत कशी पोहोचणार? अट सगळ्यांना सारखी, पण बाहेर राहणार ठरावीकच. भीती कशाची? चोराची. मग किल्ली द्या आणि लिहा, “शेवटी येणाऱ्याने गेटला कुलूप लावावे.”

अशी त्या जाहिरातीची पार वाट लागली. छापून आली ती ही:

“जुळे सोलापूर, पहिला मजला, वन बीएचके, लिफ्ट नाही. भाडे 8,000, डिपॉझिट 30,000. करार 11 महिन्यांचा, नोंदणी करून. भाडे दरमहा 5 तारखेपर्यंत. महापालिकेचे पाणी रोज येत नाही. स्वतंत्र टाकी 1,000 लिटर, म्हणून राहणारे जास्तीत जास्त तीन. टँकर लागल्यास खर्च निम्मा निम्मा. आत एक दुचाकी लावता येईल. रात्री दहानंतर जिन्यात व गच्चीवर मोठा आवाज नको. गेटची किल्ली मिळेल, शेवटी येणाऱ्याने कुलूप लावावे. तीन महिन्यांच्या कमाईचा पुरावा व आधीच्या घरमालकाचा फोन नंबर सर्वांकडून घेतला जाईल. जागा रविवारी 10 ते 1 पाहता येईल. अटी मान्य करून जो आधी टोकन देईल त्याला जागा.”

वाचलीत? मालकाला हात हलवायला जागाच ठेवली नाही. शेवटचं वाक्य तर जीवघेणं आहे. जाहिरात कितीही सरळ लिहिली तरी निवड आपल्या हातात असते, “जागा कालच गेली हो” म्हणता येतं, हा जुन्या मालकांचा शेवटचा आधार. आधी टोकन देईल त्याला, असं छापून आल्यावर तोही गेला.

रविवारी लोक आले. पाच जणांचं एक कुटुंब टाकीचा आकडा वाचून आलंच नाही, फोनवरच म्हणालं, “आम्हाला पुरणार नाही.” दोघं जण दुचाक्या दोन असल्यामुळे परत गेले. साडेअकराला एक नर्सबाई आईला घेऊन आल्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पाणी रात्री येतं की पहाटे ते विचारलं. तीस वर्षांत तात्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण तात्यांनीच कुणाला बोलू दिलं नव्हतं. पासबुक दाखवलं, आधीच्या मालकाचा नंबर दिला, टोकन ठेवलं.

तात्यांच्या जिभेच्या टोकावर तो आडनावाचा प्रश्न होता. चहा झाला, तरी तिथेच होता. पोरगी म्हणाली, नाव-गाव करारात येणारच आहे, आधार कार्ड तेव्हा लागेल. आणि करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे, तेव्हा तारीख तुम्हीच ठरवा.

तात्यांनी गुरुवार ठरवला. गुरुवारी आडनाव कळलं. पण बुधवारी पहाटे पाणी आलं होतं आणि टाकीचा वॉल्व्ह कसा फिरवायचा ते दाखवून तात्या तोवर मोकळे झाले होते.