आभार मानताय की ऑर्डर मागताय?

हा प्रश्न गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मला फोनवर हसत हसत विचारला होता. आमच्या व्यवहाराला वर्ष पूर्ण झालं म्हणून मी आभाराचं पत्र धाडलं होतं आणि दुसऱ्याच ओळीत ‘वार्षिक खरेदी वाढवल्यास खास सवलत’ असं लिहून मोकळा झालो होतो. ते हसले, पण मला लागायचं ते लागलं.

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. या महिन्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला पाच वर्षं झाली, तेव्हा पत्राआधी त्यांचं खातं उघडून बसलो. करार ३६ हजार खोक्यांचा, प्रत्यक्ष उचल ४५ हजार. वरचे ९ हजार सगळे ऐनवेळच्या ऑर्डरीत, म्हणजे कराराच्या दरापेक्षा महाग. मोह झालाच, सरळ ४५ चा करार मागावा. पण महिनावार पाहिलं तर त्यातले ४ हजार एकाच प्रदर्शनासाठी गेलेले. ते काही दरवर्षी होणार नाही. उरले ४१. मी ४० मागायचे ठरवले.

जास्त मागून त्यांच्या गोदामात माल पडून राहिला तर नुकसान दोघांचंही. पुठ्ठा ओल धरतो, थप्पीतले खालचे खोके बसतात, आणि मधेच त्यांनी लेबल बदललं तर छापील खोके रद्दीतच. म्हणून आधी फोन करून छपाई बदलणार आहे का, ते विचारून घेतलं. नाही म्हणाले.

पत्राची सुरुवात केली ती दुसऱ्या वर्षीच्या प्रसंगाने. आमच्या एका लॉटची पेस्टिंग उघडली होती. त्यांनी माल दुसरीकडून न मागवता आम्हाला बदलून द्यायला दोन दिवस दिले, वर पुढची ऑर्डरही थांबवली नाही. ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत’ हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. ते दोन दिवस मात्र त्यांनीच दिले होते.

प्रस्ताव शेवटच्या परिच्छेदात: ‘गेल्या वर्षी आपले ९ हजार खोके ऐनवेळच्या दराने गेले. पुढच्या वर्षी करार ४० हजारांचा केला तर यातले ४ हजार कराराच्या दरात बसतील. एखाद्या तिमाहीत उचल कमी झाली तर ती पुढच्या तिमाहीत घ्या, दर तोच राहील. आहे तोच करार ठेवायचा असेल तरी काही बदलणार नाही.’ शेवटचं वाक्य आमच्या भागीदाराला नको होतं. म्हणाला, आपणच कशाला दार उघडून द्यायचं? मी ठेवलं.

पाठवण्याआधी तो परिच्छेद बोटाने झाकून पत्र वाचलं. आभार पुरे वाटले, तेव्हाच सही केली.

चार दिवसांनी उत्तर आलं. ४० हजार कबूल, फक्त पहिल्या तिमाहीत २ हजार कमी पाठवा, गोदामाची डागडुजी चालू आहे. आणि खाली पेनाने लिहिलं होतं, ‘तो पेस्टिंगचा लॉट आम्ही विसरलो होतो, तुम्ही कशाला आठवण काढलीत!’