‘तू माझ्यापेक्षा फार चांगली आहेस’

आज दुपारी माझ्या मावसबहिणीने तिला आलेला एक संदेश मला वाचून दाखवला. तू फार चांगली आहेस, मी तुझ्या योग्यतेचा नाही, तुला माझ्याहून कितीतरी चांगला जोडीदार मिळेल, असे त्यात लिहिले होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “ताई, किती प्रामाणिक आहे ना तो?” त्या मुलाचा राग मला आलाच, पण त्याहून अधिक संताप त्या वाक्याचा आला. ज्याला सोडून दिले त्याच्याच तोंडून सोडणाऱ्याची स्तुती करवून घेणारे वाक्य आहे हे.

हे वाक्य मीही माझ्या तेव्हाच्या जोडीदाराकडून ऐकलेले आहे. आमचे नाते चांगले मुरलेले होते, आणि घरी कधी सांगायचे एवढेच मी त्याला विचारले होते. त्यावर त्याने मान खाली घालून हेच उत्तर दिले. मग त्या रात्री मी काय केले असेल? त्याची समजूत काढत बसले. त्याचे एकेक गुण आठवून सांगितले, माझे दोष पुढे केले, माझा पगार जास्त असल्याचे मला काहीच वाटत नाही हे पुन्हा पुन्हा पटवून दिले. नकार मला मिळाला होता आणि सांत्वन मात्र त्याचे चालले होते. घरी कधी सांगायचे, हा माझा प्रश्न त्या गडबडीत कुठे गेला ते मला कळलेही नाही.

काही वेळा हे वाक्य खऱ्या भीतीतून येते, हे मी मान्य करते. परंतु भीतीला नाव असते. घाबरलेल्या माणसाला खोलात जाऊन विचारले, तर अडखळत का होईना, तो काहीतरी ठोस सांगतो: शिक्षण अर्धवट राहिले आहे, डोक्यावर कर्ज आहे, तुझ्या घरचे मला हसतील, उद्या तू पुढे गेलीस की मला सोडशील. मीही त्या रात्री विचारले होते, “नेमक्या कोणत्या बाबतीत मी चांगली आहे?” तो म्हणाला, “सगळ्याच.” तेव्हा मला ते कौतुक वाटले. ज्याला निघायचे असते तो कारण मुद्दाम एवढे मोठे आणि एवढे धूसर ठेवतो की त्यावर बोलताच येऊ नये, हे मला आज दिसते.

दुसरी खूण वाक्यानंतरच्या वागण्यात सापडते. घाबरलेला माणूस उत्तरासाठी थांबतो. आपले म्हणणे कोणीतरी खोडून काढावे, अशीच त्याची मनातून इच्छा असते. आश्वासन मिळाले की तो काही काळ सावरतो आणि जोडीदाराचे पुढचे यश दिसताच पुन्हा तेच बोलतो, जे सोसणेही सोपे नसते. माझ्या बाबतीत तसे काहीच झाले नाही. माझे बोलणे संपताच त्याने सुटकेचा श्वास सोडला. आमचे संपले असल्याचे त्याने आपल्या मित्रांना त्याआधीच सांगून टाकले होते, हे मला पुढे दुसऱ्यांकडून समजले.

दया म्हणून असे बोलतात, असे मला सांगू नका. मन दुखावू नये हा हेतू असेलही, पण त्या दयेने मला काय दिले? सरळ नकार ऐकून माणूस रडतो आणि केव्हातरी उठतो. इथे मात्र दिलेले कारणच खोडता येण्याजोगे असते, म्हणून ऐकणारा ते खोडण्याच्या मागे लागतो. मी कितीतरी दिवस स्वतःला लहान करून पाहिले. कामातले यश त्याच्या कानावर जाणार नाही याची काळजी घेतली, आपण पूर्वी फार ठामपणे बोलत होतो का याचा हिशेब मांडला. एवढे करून तो परत येईल, असे मला खरोखर वाटत होते! आणि माझ्यासाठी कोण योग्य हे मी विचारपूर्वक ठरवलेले असताना, तो निर्णय माझ्या वतीने फिरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही नोंदवते की ज्यांना लहानपणापासून घरात कमी लेखले गेले, त्यांच्या तोंडी हे वाक्य आपसूक येते, आणि सोडले जाण्याच्या धास्तीने ती माणसे स्वतःच आधी निघून जातात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कटुता नाही. फक्त त्यांनी माझ्या चांगुलपणाविषयी न बोलता स्वतःच्या भीतीविषयी बोलावे, म्हणजे समोरच्याला थांबायचे की नाही हे तरी ठरवता येईल. कोणाला खरोखरच व्यसन असेल किंवा कर्ज लपवलेले असेल, तर त्याने तेच सांगावे.

त्याला मात्र कसलीही भीती नव्हती. “मला तुझ्याशी लग्न करायचे नाही,” एवढेच तो म्हणाला असता, तर मी त्याच्याशी कडाडून भांडले असते, पण त्याची समजूत काढत रात्र जागवली नसती.