हिरव्या आंब्यांच्या पेटीबद्दल: ग्राहकाच्या अभिप्रायाला बागायतदाराचे उत्तर

अभिप्राय (नागपूर, ५ पैकी ३ तारे): "सर्वप्रथम मनापासून धन्यवाद. इतके काळजीपूर्वक केलेले पॅकिंग मी आजवर पाहिले नाही. चोवीस फळांपैकी एकही दबलेले नव्हते आणि पेटी दोन दिवसांत घरी आली. पण आंबे दगडासारखे कडक आणि हिरवेगार निघाले. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे चार दिवस थांबले, मग खराब होऊ नयेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवले. ते नीट पिकलेच नाहीत. दोन फळे बाहेर ठेवली होती, ती पिकली. पण कापल्यावर कोयीजवळचा गर पांढरट आणि आंबट निघाला."

सप्रेम नमस्कार, ताई.

आपण आवर्जून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. पॅकिंगचे आपले शब्द मी आमच्या पॅकिंग शेडमध्ये वाचून दाखवले, कारण ते श्रेय तिथे पेंढा निवडत बसणाऱ्या बायकांचे आहे. तक्रारीबाबत मात्र श्रेय कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. आपण आमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवलात आणि ती चिठ्ठीच चुकीची होती.

हापूस झाडावर पिकू देऊन पाठवता येत नाही. आम्ही तो साधारण चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे खांदे भरून आले आणि सालीचा गडद हिरवा रंग फिकट होऊ लागला की, देठ ठेवून झेल्याने उतरवतो. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डाग पडत नाहीत. ते फळ कडकच असते आणि कडक असते म्हणूनच भाताच्या पेंढ्यात, मध्ये पुठ्ठा घालून रचलेल्या दोन थरांत, प्रवास सहन करते. पेटीला दोन्ही बाजूंनी भोके ठेवलेली असतात, कारण पिकू लागलेले फळ श्वास घेते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. भोके नसतील तर मधली फळे आधी उबतात आणि मग सडतात. थोडक्यात, आपल्याला आवडलेली गोष्ट आणि आपल्याला खटकलेली गोष्ट एकाच कारणातून आलेल्या आहेत. मऊ, केशरी आंबे भरले असते तर कितीही पेंढा घालूनही ते नागपूरपर्यंत शाबूत पोहोचले नसते. कार्बाइडची पुडी ठेवून वरून रंग आणणे कायद्याने बंद आहे आणि आमच्या बागेत ती पुडी कधी येणारही नाही.

आता चिठ्ठीविषयी. "पेटी मिळाल्यावर चार दिवसांत आंबे तयार होतील" हे वाक्य आम्ही पूर्वी छापून घेतले होते, तेव्हा आमची पेटी विदर्भात पोहोचायला पाच दिवस लागत. यंदा आम्ही वाहतूक बदलली, पण चिठ्ठी तीच राहिली. आपल्याच पेटीचा हिशेब पाहा. फळे ४ मे रोजी उतरवली, ५ तारखेला भरून रवाना केली आणि ७ तारखेला ती आपल्याकडे आली. चार दिवस थांबून ११ तारखेला आपण ती फ्रिजमध्ये ठेवलीत, म्हणजे उतरवल्यापासून जेमतेम सात दिवस झाले होते. जुन्या वाहतुकीने पेटी १० तारखेला आली असती आणि चार दिवसांनी १४ तारीख, म्हणजे दहावा दिवस उजाडला असता. हापूसला उतरवल्यापासून साधारण आठ ते बारा दिवस लागतात. पेटी लवकर पोहोचल्याचा आम्हाला अभिमान वाटत राहिला आणि वाचवलेले ते तीन दिवस आपल्या घरी मोजायचे आहेत, हे सांगायचे मात्र राहून गेले.

फ्रिजमुळे नुकसान झाले ते का, हेही सांगणे माझे काम आहे. कच्च्या आंब्याला १२-१३ अंशांखालची थंडी सोसत नाही आणि घरातला फ्रिज त्याहून बराच थंड असतो. तिथे काही दिवस राहिलेल्या कच्च्या फळाची पिकण्याची क्रिया बिघडते आणि नंतर बाहेर काढले तरी त्याला पूर्ण गोडी आणि सुवास येत नाही. फ्रिज पिकलेल्या आंब्यासाठी आहे, तोही दोन-तीन दिवसांपुरता. कच्चे आंबे पेटीतून काढून पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर, एकमेकांना न टेकता, घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत पसरावेत आणि रोज एकदा पाहावेत. मे महिन्यातल्या नागपूरच्या तापलेल्या खोलीत फळ वरून हिरवे दिसत राहूनही आतून मऊ होऊ शकते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. देठाजवळ नाक नेल्यावर वास आला आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर फळ किंचित दबले की ते तयार झाले, असे समजावे.

राहिली ती दोन फळे. त्याला आम्ही साका म्हणतो. हापूसमध्ये तो होतो आणि बाहेरून दिसत नाही. साल निर्दोष, वास उत्तम आणि सुरी घातल्यावर कोयीजवळचा गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट. जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेशी आणि फळ झाडावर जास्त काळ राहिल्यावर आतली कोय रुजायच्या तयारीला लागण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवणे आणि फळ वेळेवर उतरवणे, हे दोन उपाय आम्ही पाळतो. तिसरा उपाय म्हणजे पाण्याची परीक्षा. साध्या पाण्यात तरंगणारे फळ अजून कोवळे असते. लिटरला साधारण २५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यातही जे बुडते ते जास्त तयार झालेले असते आणि त्यात साका निघण्याची शक्यता अधिक असते. मधले, म्हणजे साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यात तरंगणारे फळ आम्ही पेटीत भरतो. या परीक्षेने साका पूर्णपणे टळतो असे मी म्हणणार नाही, पण तो कमी होतो. आपल्या पेटीची फळे ज्या तोडीतली होती, त्या वेळी मजूर कमी होते आणि मागणी जास्त होती, म्हणून मी ही परीक्षा न करता माल भरू दिला. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला.

चिठ्ठी या आठवड्यात बदलली आहे. आता तिच्यावर पेटी मिळाल्यानंतरचे दिवस नसतात. फळे उतरवल्याची तारीख हाताने लिहिलेली असते आणि तिथून दहावा दिवस कोणता, तेही. फ्रिजची सूचना मोठ्या अक्षरांत आहे. पाण्याची परीक्षा झाल्याशिवाय एकही पेटी बंद करायची नाही, असे शेडमध्ये ठरले आहे.

फ्रिजमध्ये राहिलेल्या फळांचा आमरस होईल अशी खोटी आशा मी दाखवत नाही. ती आंबट असतील तर त्यांचे पन्हे किंवा मेथांबा होईल. संपूर्ण पेटीचे पैसे आपण ज्या खात्यातून भरले होते, तिथेच आज परत केले आहेत. फळे परत पाठवू नयेत. पैशांऐवजी या मोसमातल्या शेवटच्या तोडीची एक डझनाची पेटी हवी असल्यास ऑर्डर क्रमांकासह तसे कळवावे. ती शनिवारी उतरवली जाईल आणि सोमवारी आपल्याकडे पोहोचेल. ती उघडल्यावर आंबे हिरवे आणि कडकच असतील. त्या आठवड्याच्या शेवटापर्यंत त्यांना हात लावू नये, एवढी विनंती.