उद्याची ‘नीट’ आणि आज रात्री रिकामी सोडायची जागा

उद्या दुपारी दोन वाजता ‘नीट’ आहे. अमळनेर, चोपडा, पारोळा या भागांतील बरीच मुले जळगाव किंवा धुळ्याच्या केंद्रांवर जातील. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पालकांचे फोन येतात ते बहुतेक प्रवेशपत्राविषयीच. पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभे राहिल्यावर मला जे दिसते, त्यावरून माझे मत असे झाले आहे की आज रात्री काय भरायचे यापेक्षा काय भरायचे नाही, हेच पालकांना कळत नाही.

प्रवेशपत्राची सर्व पाने छापून घ्यावीत. सायबर कॅफेवाला पुष्कळदा पहिलेच पान हातात देतो आणि आपणही घाईत तेवढेच घेऊन येतो. पहिल्या पानावर केंद्राचा पत्ता आणि स्वयंघोषणापत्र असते, दुसरे पान पोस्टकार्ड आकाराच्या छायाचित्रासाठी असते आणि त्यापुढे सूचना असतात. पहिल्या पानावर अर्जात अपलोड केलेलेच पासपोर्ट छायाचित्र चिकटवावे. दुसऱ्या पानावर चार बाय सहा इंचांचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे छायाचित्र लागते, आणि ते आज रात्री गावात मिळाले नाही तर उद्या रविवारी सकाळी स्टुडिओ उघडण्याची वाट पाहावी लागते. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा आणि पालकांची सही घरूनच करून न्यायची असते. शाई कमी घ्यावी, कारण ठसा फासला गेला तर तो असून नसल्यासारखा होतो.

विद्यार्थ्याची सही मात्र आज करायची नाही. ती वर्गात पर्यवेक्षकासमोर करायची असते. मोठ्या छायाचित्रावर डाव्या बाजूला, अर्धी छायाचित्रावर आणि अर्धी कागदावर येईल अशी विद्यार्थ्याची सही असते, उजव्या बाजूला पर्यवेक्षकाची. मागे एका वर्गात एका मुलीने सहीच्या सगळ्या जागी सुंदर सह्या करून आणल्या होत्या. “पप्पांनी सांगितलं, काहीच रिकामं ठेवू नको,” असे ती म्हणाली. वडिलांचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे कोणताही सरकारी कागद अर्धवट दिला की परत येतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. पण समोर झालेली सही हीच त्या कागदाची खरी ओळखपरेड असल्यामुळे तिला माझ्यासमोर पुन्हा सही करावी लागली, केंद्राधीक्षकांना कळवावे लागले आणि पेपर सुरू होण्याआधीची तिची शांत दहा मिनिटे त्यातच गेली. तुमच्या घरी ही चूक झालीच असेल, तर खाडाखोड न करता आज रात्रीच नवी प्रत छापून पुन्हा भरावी.

ओळखपत्र मूळच हवे. आधारची झेरॉक्स किंवा मोबाइलमधील फोटो दाखवून चालत नाही, आणि मोबाइल तर केंद्रात नेताच येत नाही. हजेरीपटासाठी पासपोर्ट छायाचित्राची एक प्रत वेगळी ठेवावी. पेन केंद्रावर मिळते. पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येते आणि मे महिन्यातील आपल्याकडच्या उन्हात ते न्यावेच.

आता वेळेचे. प्रवेशपत्रावर प्रत्येकाची हजर होण्याची वेळ छापलेली असते, पण दीड वाजता फाटक बंद होते ते सर्वांसाठी. पेपर दोनला आहे म्हणून पावणेदोनला पोहोचणारा विद्यार्थी बाहेरच राहतो, मग उशीर दोन मिनिटांचा असो वा पंधरा. अमळनेरहून जळगावला एसटीने साधारण दीड तास धरला, तरी स्टँडपासून केंद्रापर्यंतची रिक्षा, नावासारखे नाव असलेल्या दुसऱ्याच शाळेपुढे उतरणे आणि तपासणीची रांग हे त्यात धरलेले नसते. म्हणून शाळेच्या नावावर न जाता पत्त्यावर जावे, आणि सकाळी आठ-साडेआठलाच घर सोडावे असे मी सांगतो. लवकर पोहोचल्यास सावली शोधून बसता येते. केंद्राच्या आत पालकांना प्रवेश नसतो आणि सामान ठेवण्याची सोयही गृहीत धरू नये.

कपड्यांबाबत अर्ध्या बाह्यांचा साधा सदरा किंवा कुर्ता आणि बूट न घालता चप्पल किंवा सँडल, एवढे पुरते. कानातले, चमकी, कडे, घड्याळ आज रात्रीच काढून आईजवळ द्यावे. फाटकाशी न निघणारी चमकी मी पाहिली आहे, तेव्हा मुलीपेक्षा आईच्याच डोळ्यांत पाणी होते. पारंपरिक किंवा धार्मिक पोशाख घालायचा असेल तर तपासणीसाठी साडेबारापर्यंत पोहोचावे लागते.

पाच वाजेपर्यंत कोणालाही बाहेर सोडत नाहीत. मूळ ओएमआर आणि तिची कार्यालयीन प्रत, दोन्ही पर्यवेक्षकाकडे द्यायच्या असतात, फक्त प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. प्रवेशपत्राची आणखी एक प्रत मात्र आज रात्रीच छापून घरच्या फाइलमध्ये ठेवा, पुढे समुपदेशनाच्या वेळी ती मागतात.