‘काहीच घडत नाही’ अशा कादंबऱ्यांची बाजू

‘भाषा सुंदर आहे, पण घडत काहीच नाही गो.’ आमच्या फोंड्याच्या वाचनकट्ट्यावर हे वाक्य ठरलेलं. कोणी संथ कादंबरी आणली की चहा यायच्या आत कोणीतरी ते म्हणतंच.

मला हे मुळीच पटत नाही. कारण हीच माणसं घरात काय तरबेज वाचक असतात! चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधायला सगळं घर जमलंय, सुपारीचे घोस आलेत, कांगलां आलीत, आणि धाकटा दीर शिडी धरायला उठतच नाही. सोप्यावर मोबाइल बघत बसतो. शब्दाला शब्द लागलेला नसतो. तरी आत रांदपात बसलेल्या बायकांना कळतं की वाटणीचं काहीतरी शिजतंय. तिथे कोणी म्हणतं का, काही घडलंच नाही म्हणून? मग पुस्तक हातात आलं की हे डोळे कुठे जातात?

काझुओ इशिगुरोची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ घ्या. १९८९ची कादंबरी, त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. कथानक दोन ओळींत संपतं. १९५६ साली स्टीव्हन्स नावाचा म्हातारा होत चाललेला बटलर नव्या मालकाच्या गाडीतून सहा दिवस इंग्लंडमध्ये फिरतो आणि पूर्वी त्याच वाड्यात कामाला असलेल्या मिस केंटनला भेटतो. बस्स. ना खून, ना पळून जाणं. तरी मी ती शेवटाकडे दात आवळून वाचली.

यातली गोम अशी की सांगणारा स्टीव्हन्सच आहे, आणि त्याला स्वतःच्या मनातलं दिसत नाही किंवा बघायचं नाही. वाटेत त्याला वाड्यातले जुने दिवस आठवत राहतात. त्यातल्या एका संध्याकाळी तो आपल्या खोलीत वाचत बसलेला असतो. मिस केंटन फुलं घेऊन येते, काय वाचताय विचारते. तो पुस्तक छातीशी धरतो. ती अगदी जवळ येते आणि त्याची बोटं एकेक करून सोडवते. निघते काय, तर साधी भावुक प्रेमकथा. लगेच स्टीव्हन्स आपल्याला समजावू लागतो की इंग्रजीवरचं प्रभुत्व टिकावं म्हणून तो असली पुस्तकं वाचतो, बरं का. भरपूर समजावतो. ज्या गोष्टीचं कारण कोणी मागितलेलं नाही तिचं माणूस लांबलचक कारण देऊ लागला, की समजावं, पाणी तिथे खोल आहे.

त्याहून बारीक जागा पुढे आहे. त्याला आठवतं, आपण तिच्या बंद दाराबाहेर उभे होतो आणि आत ती रडत असावी असं वाटलं होतं. कधी? तर तिची मावशी गेल्याची बातमी आली त्या दिवशी, असं तो सांगतो. मग काही पानांनी म्हणतो, नाही, आपली गल्लत झाली. ती संध्याकाळ निराळी होती. ती कुठली ते हळूहळू उलगडतं. त्या रात्री मिस केंटनने त्याला सांगितलेलं असतं की तिने दुसऱ्या एकाशी लग्न करायचं कबूल केलंय. त्याने अभिनंदन केलं आणि तो कामाला लागला, कारण वर तेव्हाच्या मालकाकडे पंतप्रधान आणि जर्मन राजदूत आले होते. म्हणजे रडण्याचं कारण मावशी नव्हती. तो स्वतः होता! हे तो एकदाही उघड म्हणत नाही. नुसती तारीख दुरुस्त करतो. वाचताना मी तिथे थांबले आणि मागची पानं उलटून पुन्हा पाहिली. रहस्यकथेत सुरा सापडल्यावर करतो ना, तेच.

असं वाचायला मी फार काही करत नाही. सांगणारा आपलंच वाक्य कुठे बदलतो, आणि जे सांगायला हवं होतं ते सोडून हवापाण्यावर कुठे घसरतो, एवढं बघते. शिवाय दुसरी माणसं त्याच्याबद्दल काय बोलतात तेही. स्टीव्हन्सचे वडील वरच्या खोलीत वारतात त्या रात्री तो पाहुण्यांना पेयं देत असतो. आपल्याला दुःख झालं असं तो लिहीतच नाही. मालकच त्याला म्हणतो की तू रडतोयस असं दिसतंय. तेव्हा कुठे आपल्याला त्याचा चेहरा दिसतो.

आता, संथ म्हणून मिरवणारी सगळीच पुस्तकं अशी नसतात, हेही कबूल. कित्येकांत पाऊस पडतो, नायक खिडकीत बसतो, पाऊस पडतच राहतो. माझी साधी कसोटी आहे: मधली दोन प्रकरणं मनातल्या मनात मागेपुढे करून बघा. काही बिघडलं नाही, तर ते पुस्तक खरंच पोकळ आहे, खुशाल मिटून ठेवा. ‘द रिमेन्स’मध्ये ती दाराची आठवण आणि तिची दुरुस्ती यांची अदलाबदल केली, तर सगळा ताण तिथल्या तिथे मरतो.

सिनेमाही आहे, १९९३चा, अँथनी हॉपकिन्सचा. चांगलाच आहे. पण तिथे बोटं सोडवतानाचा त्याचा चेहरा कॅमेरा आपल्याला थेट दाखवतो. पुस्तकात तो आपला आपण शोधावा लागतो, म्हणून आधी पुस्तक वाचा.